अस्पष्ट चिठ्ठी: अंदाज केव्हा, फोन केव्हा

औषधाच्या दुकानात येणारी प्रत्येक चिठ्ठी पूर्ण वाचता येतेच असे नाही. कधी औषधाच्या नावातली मधली दोन अक्षरे एका रेघेत विरघळलेली असतात, कधी मात्रेचा आकडा पुसट असतो, कधी नाव स्वच्छ असते पण गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची ते कळत नाही. अशा वेळी काउंटरवर उभ्या असलेल्या फार्मासिस्टपुढे दोन वाटा असतात. एक, नजरेला जे सर्वांत संभवनीय वाटते ते औषध देऊन मोकळे होणे. दुसरी, थांबणे आणि विचारणे: आधी रुग्णाला, आणि तेवढ्याने भागले नाही तर चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना. पहिल्या वाटेने वेळ वाचतो, दुसऱ्या वाटेने चूक टळते. कोणती वाट धरायची हे फार्मासिस्टला आपल्या वाचनाबद्दल किती खात्री वाटते यावर सोडून चालत नाही. वाचन चुकले तर काय होईल, हा प्रश्न त्या खात्रीइतकाच, पुष्कळदा तिच्याहून जास्त, महत्त्वाचा असतो.

इंग्लंडमधल्या एका खटल्याने ही गोष्ट कायद्याच्या भाषेत नोंदवून ठेवली आहे. छातीत संसर्ग झालेल्या एका दमेकरी रुग्णाला डॉक्टरांनी तीन औषधे लिहून दिली: अ‍ॅमॉक्सिल हे प्रतिजैविक, व्हेंटोलिनचा इनहेलर आणि श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या फायलोकॉन्टिनच्या गोळ्या. डॉक्टरांचे अक्षर वाईट होते. फार्मासिस्टने ‘अ‍ॅमॉक्सिल’च्या जागी ‘डाओनिल’ वाचले आणि तेच दिले. डाओनिल म्हणजे ग्लिबेनक्लामाइड, रक्तातली साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी. रुग्णाला मधुमेह नव्हता. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग साखर आधीच योग्य पातळीवर असली तरी तिची पर्वा नसते. साखर धोक्याच्या पातळीखाली गेली आणि रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने जबाबदारीची वाटणी कायम ठेवली: वाईट अक्षरासाठी डॉक्टरांवर २५ टक्के, चुकीच्या वाचनासाठी फार्मासिस्टवर ७५ टक्के.

मूळ दोष अक्षराचा असताना मोठा वाटा फार्मासिस्टवर का आला, ते समजून घेण्यासारखे आहे. न्यायालयाने ते अक्षर डाओनिलसारखे दिसू शकते हे नाकारले नाही. पण अक्षराखेरीज चिठ्ठीवर आणि चिठ्ठीभोवती बरेच काही होते. लिहिलेली ताकद अ‍ॅमॉक्सिलला शोभणारी होती, डाओनिलची गोळी मात्र पाच मिलिग्रॅमचीच मिळत असे. दिवसातून तीनदा घ्यायला सांगितले होते, आणि मधुमेहाची ती गोळी साधारणपणे दिवसातून एकदा घेतात. सोबतची दोन्ही औषधे छातीची होती. शिवाय तिथल्या व्यवस्थेत मधुमेही रुग्णांना औषधे मोफत मिळतात, आणि या रुग्णाने पैसे भरले होते. म्हणजे एक शब्द डाओनिलसारखा दिसत होता आणि बाकी सगळ्या खुणा त्याच्या विरुद्ध बोलत होत्या. त्या विसंगतीने फार्मासिस्टला थबकायला लावायला हवे होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

अनुभवी माणसाकडून हे कसे घडते, हा प्रश्न इथे येतोच. अनुभवी वाचक शब्द अक्षरा-अक्षराने वाचत नाही. पहिले अक्षर, शेवटचे वळण आणि लांबी एवढ्यावर तो शब्द ओळखतो, आणि हाताखालून रोज जाणारी नावे त्याला आधी दिसतात. एकदा नाव दिसले की पुढची माहिती त्या नावाच्या चष्म्यातून वाचली जाते. ताकद जुळत नसेल तर ‘आकडा लिहायला चुकले असतील’ असे वाटते, वेळा जुळत नसतील तर ‘या डॉक्टरांची पद्धत असेल’ असे वाटते. म्हणजे पहिला अंदाज टिकवण्यासाठी दुसरा अंदाज करावा लागतो, मग तिसरा. चूक होत असल्याची सर्वांत भरवशाची खूण हीच आहे. औषधाचे नाव मानण्यासाठी चिठ्ठीवरची दुसरी एखादी गोष्ट चुकीची मानावी लागत असेल, तर ते नावच चुकीचे वाचले असण्याची शक्यता मोठी असते. मनातल्या खात्रीपेक्षा ही खूण जास्त विश्वासार्ह, कारण खात्री चुकीच्या वाचनालाही तितकीच घट्ट चिकटून बसते.

हिशेबाची मांडणी तशी सोपी आहे. अंदाज करण्याची किंमत म्हणजे तो चुकण्याची शक्यता गुणिले चुकल्यावर होणारे नुकसान. विचारण्याची किंमत म्हणजे गेलेला वेळ, खोळंबलेले ग्राहक, डॉक्टरांच्या कामात आलेला व्यत्यय आणि औषध मिळायला लागलेला उशीर. पहिली किंमत दुसरीपेक्षा जास्त झाली की विचारावे. हाच हिशेब उलटून मांडला तर हातात एक उंबरठा येतो: विचारण्याच्या किमतीला चुकीच्या किमतीने भागले की चुकण्याची जी शक्यता मिळते, तिच्यापेक्षा जास्त शंका असेल तर फोन करायचा. वैद्यकातल्या निर्णयशास्त्रात या पद्धतीला पक्की जागा आहे. पॉकर आणि कॅसिरर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९८० मध्ये, तपासणी करून घ्यावी की थेट उपचार सुरू करावेत की काहीच करू नये हे ठरवण्यासाठी असे उंबरठे काढून दाखवले होते. दुकानात कोणी कागद-पेन्सिल घेऊन भागाकार करत बसत नाही. पण दोन टोकांची उदाहरणे एकदा आकड्यांत करून पाहिली तर उंबरठा किती सरकतो ते ध्यानात येते.

एका टोकाला साधा ताप घ्या. चिठ्ठीवर पॅरासिटामॉल स्पष्ट आहे, पण ताकद ५०० आहे की ६५० हे कळत नाही. रुग्ण प्रौढ आहे, यकृताची तक्रार नाही, गोळी दिवसातून तीनदा घ्यायची आहे. अंदाज चुकण्याची शक्यता इथे तीनात एक धरली तरी नुकसान जवळपास काहीच नाही: दोन्ही मात्रा प्रौढाला चालतात, आणि दोन्हींत दिवसाची बेरीज चार ग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बरीच खाली राहते. यासाठी डॉक्टरांना फोन करून दहा मिनिटे घालवण्यात अर्थ नाही. ५०० ची गोळी द्यावी, रुग्णाला तसे सांगावे, पुढे जावे. शंका मोठी असूनही इथे फोनची गरज पडत नाही.

दुसऱ्या टोकाला मेथोट्रेक्झेट आहे. या औषधाची गोष्ट सविस्तर पाहायला हवी, कारण शंका अगदी लहान असतानाही विचारणे का भाग आहे हे त्याच्याइतके स्पष्ट दाखवणारी औषधे थोडी. आमवातासाठी, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिससाठी, हे औषध जगभर वापरले जाते आणि चांगले काम करते. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. तोंडाने घ्यायची बहुतेक औषधे रोजची असतात, त्यामुळे डोळ्यांना, हातांना आणि सवयीला ‘रोज’ हेच ओळखीचे असते.

समजा एका पन्नाशीच्या बाईंची चिठ्ठी आली आहे. त्यावर लिहिले आहे: मेथोट्रेक्झेट ७.५ मिलिग्रॅम, १-०-०, एक महिना. खाली फॉलिक अ‍ॅसिड आणि एक वेदनाशामक. १-०-० ही आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवरची रुळलेली खूण आहे: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. ती रोजच्या औषधासाठी तयार झालेली आहे, आठवडा सांगायला तिच्यात जागाच नाही. डॉक्टरांच्या मनात ‘ठरलेल्या वारी सकाळी एक’ असे असू शकते, आणि कागदावर ते ‘रोज सकाळी एक’ असे वाचले जाते. आता फार्मासिस्टने महिन्याच्या गोळ्या मोजायच्या आहेत. चार मोजल्या तर औषध आठवड्याचे ठरते, तीस मोजल्या तर रोजचे. चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या लिहिलेली नाही, म्हणून ही मोजणी हाच इथला अंदाज आहे. अंदाज करतो आहोत याची जाणीवही होणार नाही इतक्या सहज तो होऊन जातो. ‘एक महिना’ म्हटले की हात आपोआप तीन पट्ट्यांकडे जातो.

तीस गोळ्या गेल्या आणि बाईंनी रोज एक घेतली, तर आठवड्याला ७.५ ऐवजी ५२.५ मिलिग्रॅम औषध पोटात जाईल. इथे नुसत्या सातपटीपेक्षा विश्रांती नाहीशी होण्याचा धोका मोठा आहे. मेथोट्रेक्झेट शरीरातल्या फोलेटच्या वापरात अडथळा आणते आणि त्यामुळे पेशींचे विभाजन मंदावते. अस्थिमज्जेत रक्तपेशी सतत तयार होत असतात, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तरही सतत नवे होत असते. आठवड्यातून एक मात्रा घेतली तर मधल्या दिवसांत या पेशी सावरतात. रोज घेतली तर सावरायला फुरसत मिळत नाही. शिवाय पहिले काही दिवस बहुधा काहीच जाणवत नाही. मग तोंडात फोड येतात, जुलाब होतात, ताप येतो, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. लक्षणे दिसू लागतात तोवर बऱ्याच गोळ्या पोटात गेलेल्या असतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो आणि हानी वाढते. फोलिनिक अ‍ॅसिड हा उतारा आहे, पण तो रुग्णालयात आणि लवकर द्यावा लागतो. अशा चुकीने अनेक देशांत माणसे दगावलेली आहेत.

आता हिशेब. फार्मासिस्टला मेथोट्रेक्झेट आठवड्याचे असते हे ठाऊक आहे, तरी ही चिठ्ठी एखाद्या वेगळ्या उपचाराची असेल किंवा आपण काही चुकीचे वाचत असू अशी शंका त्याच्या मनात दोनशेत एक एवढीच आहे असे धरू. फोनला दहा मिनिटे लागतील. चूक झाली तर होणारे नुकसान वेळेत मोजणे मुळात कृत्रिम आहे, आणि जीव गेला तर त्याला मोजमापच नाही. तरी अगदी हात आखडून ते फक्त एक लाख मिनिटे, म्हणजे सुमारे ७० दिवसांच्या आजारपणाइतके, धरले तर दोनशेत एक शक्यतेने अंदाजाची किंमत ५०० मिनिटे होते. विचारण्याची किंमत दहा. उंबरठा काढला तर तो दहा हजारांत एक इतका खाली येतो. म्हणजे ९९ टक्के खात्री असलेल्या माणसानेही इथे फोन केलाच पाहिजे. हे आकडे कल्पनेतले आहेत आणि ते कोणी पाठ करावेत असे नाही, पण त्यांतले प्रमाण खरे आहे: नुकसान जितके मोठे आणि परत न फिरणारे, तितकी पुरेशी खात्री दुर्मिळ.

या उदाहरणात फोनच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहज नजरेतून सुटते. औषध आठवड्याचे असल्याने आज मिळाले काय किंवा उद्या मिळाले काय, सांध्यांना फारसा फरक पडत नाही. विचारण्यातला उशीर इथे जवळजवळ फुकट आहे. डॉक्टर आज भेटले नाहीत तर बाईंना वेदनाशामक आणि फॉलिक अ‍ॅसिड देऊन मेथोट्रेक्झेट उद्यावर ठेवता येते. अंदाज किंवा विचारणा या दोन वाटांमध्ये ही तिसरी वाट बहुतेक वेळा असते: चिठ्ठीचा जो भाग निःसंशय आहे तो पुरा करायचा, जो संशयास्पद आहे तेवढाच रोखायचा. सगळी चिठ्ठी परत केली की रुग्ण चिडतो आणि दुसऱ्या दुकानात जातो, तिथे कदाचित न विचारता तीस गोळ्या मिळतात.

विचारण्याचाही क्रम असतो. सर्वांत स्वस्त प्रश्न समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारायचा असतो, आणि तो बऱ्याचदा विचारलाच जात नाही. ‘डॉक्टरांनी ही गोळी कशासाठी दिली आहे?’ एवढ्या एका प्रश्नाने बरेचसे गोंधळ सुटतात. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल ही नावे घाईच्या अक्षरात एकमेकांसारखी दिसतात. पहिले मधुमेहाचे, दुसरे अमिबाच्या जुलाबांसारख्या संसर्गाचे. रुग्णाने ‘पोट बिघडलंय’ किंवा ‘शुगर आहे’ म्हटले की अर्धा मिनिटात वाट मोकळी होते. इंग्लंडच्या त्या खटल्यातही ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ एवढे विचारले गेले असते तर पुढचे सगळे टळले असते.

प्रश्नाची घडणही महत्त्वाची आहे. ‘ही शुगरची गोळी ना?’ असे विचारले तर घाईतला, ऐकू कमी येणारा किंवा भिडस्त रुग्ण ‘हो’ म्हणतो. आपल्याकडे डॉक्टर आणि मेडिकलवाला यांना नाही म्हणायला माणसे कचरतात, आणि चिठ्ठी घेऊन आलेला पुष्कळदा रुग्ण नसतोच. तो मुलगा असतो, शेजारी असतो, गावाकडून शहराकडे निघालेल्या कोणाच्या हाती चिठ्ठी दिलेली असते. म्हणून उत्तर आतच दडलेला प्रश्न टाळावा आणि समोरच्याला स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावे. मेथोट्रेक्झेटच्या बाबतीत ‘आठवड्यातून एकदाच घेता ना?’ यापेक्षा ‘ही गोळी कधी आणि कशी घ्यायला सांगितली आहे?’ हा प्रश्न चांगला. बाईंनी आपणहून ‘दर सोमवारी’ म्हटले तर शंका बरीच फिटते. त्या अडखळल्या, किंवा ‘रोज सकाळी’ म्हणाल्या, तर फोन करायचा हे ठरलेच.

डॉक्टरांना फोन केल्यावर उचलणारी व्यक्ती स्वागतकक्षातली असते, आणि तिच्याकडून ‘हो हो, तेच असेल’ असे उत्तर येते. हे उत्तर म्हणजे दुसऱ्या माणसाने केलेला अंदाज. त्याने धोका कमी होत नाही, उलट विचारल्याचे समाधान मात्र मिळते. डॉक्टर स्वतः फोनवर आले की रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि नेमकी शंका एका वाक्यात सांगावी: ‘मेथोट्रेक्झेट साडेसात, १-०-० लिहिलंय, किती दिवसांतून एकदा द्यायचं?’ उत्तर आले की ते आपण परत म्हणून दाखवावे आणि त्यांच्याकडून होकार घ्यावा. आकडे सुटे उच्चारावेत, कारण फोनवर इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी एकसारखे ऐकू येतात, आणि मराठीतले सात, साठ, आठही. मग चिठ्ठीवर उत्तर, वेळ आणि कोणाशी बोलणे झाले ते लिहावे. पुढच्या महिन्यात तीच चिठ्ठी घेऊन त्या बाई परत येतील तेव्हा काउंटरवर दुसराच कोणी असेल.

इतके सगळे असताना प्रत्येक बारीक शंकेला फोन का करू नये? कारण विचारण्याची किंमत दर फोनला तीच राहत नाही. ओपीडीत गर्दी असलेल्या डॉक्टरांना दिवसातून अनेकदा क्षुल्लक गोष्टींसाठी फोन गेले तर ते उत्तरे न पाहता देऊ लागतात. ‘द्या ना, चालतं’ हे वाक्य मग पॅरासिटामॉललाही येते आणि मेथोट्रेक्झेटलाही. फार्मासिस्टच्या फोनला वजन उरत नाही. ज्या दुकानातून क्वचित आणि नेमका फोन जातो, तिथून तो आला की डॉक्टर कागद पुन्हा पाहतात. कमी धोक्याचे अंदाज स्वतःच्या जबाबदारीवर निभावणे हे म्हणूनच जास्त धोक्याच्या प्रश्नांसाठी जागा राखून ठेवण्यासारखे आहे. पॅरासिटामॉलची गोळी न विचारता देणारा आणि मेथोट्रेक्झेटसाठी हटून बसणारा फार्मासिस्ट दोन्ही वेळा एकच नियम पाळत असतो.

अंदाज कितपत चालेल हे चिठ्ठी कुठून आली यावरही ठरते. तालुक्याच्या गावात दवाखान्याला लागूनच मेडिकल असते, त्याच डॉक्टरांचे अक्षर वर्षानुवर्षे वाचलेले असते, आणि शंका आली तर चार पावले चालत जाऊन विचारता येते. तिथे अंदाज चुकण्याची शक्यताही कमी आणि विचारण्याची किंमतही कमी. हाच रुग्ण मुंबईच्या किंवा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयातून विशेषज्ञांची चिठ्ठी घेऊन गावच्या दुकानात येतो तेव्हा दोन्ही गोष्टी उलट्या होतात. अक्षर अनोळखी, औषधे क्वचित हाताळलेली, आणि कागदावर मिळणारा क्रमांक रुग्णालयाच्या मुख्य फोनचा. अशा चिठ्ठीसाठी नेहमीच्या सवयीचा आधार घेणे धोक्याचे, कारण ती सवय वेगळ्या अक्षरावर घडलेली असते.

भारतातले नियमही या दिशेचेच आहेत. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या व्यवसाय नियमांनुसार चिठ्ठीत काही गाळले असेल, औषधे परस्परांना मारक असतील किंवा मात्रा जास्त असेल अशी उघड चूक दिसली तर ती दुरुस्तीसाठी लिहिणाऱ्याकडे परत न्यायची असते. फार्मासिस्टने स्वतः बदल करून टाकणे अपेक्षित नाही. दुसऱ्या बाजूला, २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असे सांगितले. अक्षर सुधारले की नावांचा गोंधळ कमी होतो. मेथोट्रेक्झेटचा गोंधळ मात्र छापील चिठ्ठीवरही तसाच राहतो, कारण १-०-० कितीही स्वच्छ छापले तरी त्यातून आठवडा कळत नाही. त्याचा उपाय डॉक्टरांच्या हाती आहे: ‘आठवड्यातून एकदा, दर सोमवारी’ असे वारासह लिहायचे आणि एकूण चार गोळ्या हेही लिहायचे. मग पुढच्या माणसाला प्रश्न पडतच नाही.

राहिला तो प्रसंग, जिथे विचारायला कोणीच नाही आणि थांबणेही महाग आहे. रविवारी रात्री एक माणूस मिरगीच्या गोळीची चिठ्ठी घेऊन येतो. नाव वाचता येते, ताकद येत नाही, दवाखाना बंद, फोन लागत नाही. ही गोळी अचानक थांबली तर झटके येऊ शकतात, म्हणजे ‘कळेपर्यंत देऊ नये’ हा निर्णयही निर्धोक नाही. इथे काहीच न देणे हाही एक अंदाज आहे आणि त्याची किंमतही मोजावी लागते. अशा वेळी आधी पुरावा शोधायचा: जुनी पट्टी, मागच्या वेळचे बिल, घरी फोन करून डब्यावरचे नाव आणि ताकद वाचून घेणे. जुनी मात्रा कळली, डॉक्टरांनी ती बदललेली नाही असे रुग्ण स्पष्ट सांगतो आणि कागदावरची पुसट खूणही तिच्याशी जुळते, तर ती दवाखाना उघडेपर्यंतच्या एक-दोन दिवसांपुरती द्यायची, महिन्याची नाही. अंदाज करावाच लागला तर तो थोड्या गोळ्यांपुरता आणि थोड्या वेळापुरता ठेवला की चुकीचे नुकसानही तेवढेच राहते. आणि पुरावा काहीच मिळाला नाही, किंवा औषध इन्सुलिनसारखे असेल, जिथे एककांचा एक आकडा चुकला तरी काही तासांत जिवावर बेतते, तर रुग्णाला चिठ्ठीसह जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात पाठवायचे. तिथले डॉक्टर रुग्णाची साखर तपासून मात्रा स्वतः ठरवू शकतात, मग मूळ चिठ्ठीवरच्या आकड्यावर अवलंबून राहावे लागत नाही.